पंचावन्न लाखांचं टिपण

नवं सीएनसी यंत्र घ्यायचं असेल तर एमडींना पटवणं तसं सोपं जातं. ताशी किती नग निघतील, किती माणसं लागतील, कर्ज किती वर्षांत फिटेल, हे कागदावर मांडता येतं. ईआरपीचं तसं होत नाही. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री आणि हिशेब या सगळ्या खात्यांच्या नोंदी एकाच ठिकाणी ठेवणारी ही संगणक प्रणाली. स्टोअरमध्ये माल उतरल्याची नोंद झाली की तीच नोंद खरेदी खात्याला आणि अकाउंट्सला दिसते, कुणाला पुन्हा टाइप करावी लागत नाही. ऐकायला छान आहे. पण ऑपरेशन्स मॅनेजर जेव्हा या खर्चाच्या मंजुरीसाठी टिपण लिहायला बसतो, तेव्हा बहुतेक वेळा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातली वाक्यं त्यात उतरतात. ‘पारदर्शकता वाढेल’, ‘निर्णयांना गती येईल’. एमडी पान उलटतात आणि विचारतात, “म्हणजे किती रुपये?”

हा प्रश्न टिपणाला पेलतो की नाही, ते एक उदाहरण घेऊन बघू. भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना धरा. उलाढाल वर्षाला 40 कोटी, वर्षभरात लागणारा माल 24 कोटींचा. हिशेब टॅलीत, बाकी सगळं एक्सेलमध्ये आणि स्टोअरकीपरच्या वहीत. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण अशा कारखान्यात वावरलेल्यांना ते परके वाटणार नाहीत.

या कारखान्यात कच्चा, अर्धवट आणि तयार असा मिळून 6 कोटींचा माल कायम पडून असतो. महिन्याला दोन कोटींचा माल लागतो, म्हणजे हा जवळपास तीन महिन्यांचा साठा झाला. बँकेच्या कॅश क्रेडिटवर दहा टक्के व्याज धरलं तर नुसता माल पडून राहण्याचे वर्षाला 60 लाख. आणि एवढा माल असूनही ग्राहकाची लाइन थांबायला नको म्हणून रात्री-अपरात्री खास टेम्पो पाठवावे लागतात, त्याचे वर्षाला 14 लाख. खूप माल आणि तरी हवा तोच नाही! टिपणाची सुरुवात या विसंगतीपासून व्हायला हवी, आणि ती का आहे हे सांगायला संगणक लागत नाही.

मॅनेजरने एका शनिवारी शंभर वस्तू चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि स्टोअरमध्ये जाऊन मोजल्या. वहीतला आणि रॅकवरचा आकडा जुळला 61 वस्तूंचा. बाकीच्यांत कुठे नोंद राहिलेली, कुठे रिजेक्ट झालेले नग चांगल्यांत धरलेले, कुठे माल प्लेटिंगला गेलेला आणि वहीत अजून स्टोअरमध्येच. खरेदीच्या माणसाला हे अनुभवाने माहीत असतं. वहीवर भरवसा नसल्यामुळे तो प्रत्येक वेळी थोडं जास्तच मागवतो. तीन महिन्यांचा साठा त्या ‘थोड्या जास्त’मधून तयार होतो. या एका मोजणीला शून्य खर्च आला, आणि टिपणातलं सगळ्यात वजनदार वाक्य तिने दिलं.

बाहेर जॉबवर्कला गेलेल्या मालाचं दुखणं आणखी एका अंगाने महागात पडतं. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा किंवा तिथून विकला जायला हवा. नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. चार प्लेटर आणि दोन हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे पसरलेली चलानं वहीतून जुळवणं म्हणजे अकाउंट्सच्या माणसाचा दर तिमाहीचा आठवडा. वार्षिक मोजणीत 18 लाखांची तूट निघते, तिचा बराच भाग याच वाटेवर गळालेला असतो.

आता खर्चाकडे. विक्रेत्याचं कोटेशन 30 लाखांचं आहे: 18 लाख लायसन्स, 12 लाख प्रणाली बसवून देण्याचे. अनेक टिपणं इथेच थांबतात आणि पुढच्या वर्षी मॅनेजर पुन्हा पैसे मागायला येतो, पडलेल्या चेहऱ्याने. कारखान्याच्या रीतीप्रमाणे प्रणालीत बदल करून घ्यायला 6 लाख लागतील. बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर आणि शॉपफ्लोअरपर्यंत नेटवर्क यांना 5. जुन्या नोंदी साफ करायला 4. प्रशिक्षण आणि जुनी-नवी पद्धत काही आठवडे शेजारी-शेजारी चालवायची, तर त्या ओव्हरटाइमचे 3. झाले 48. त्यावर अंदाज चुकण्यासाठी 7 लाख राखून ठेवले की 55 लाख होतात. शिवाय दरवर्षी देखभाल करार, सर्व्हर आणि प्रणाली सांभाळणारा घरचा एक माणूस मिळून 11 लाख. हा माणूस कोटेशनमध्ये कधीच नसतो, आणि तो नसला की दोन वर्षांत सगळे गुपचूप एक्सेलकडे परततात.

फायद्याच्या बाजूला साठा 15 टक्क्यांनी, म्हणजे 90 लाखांनी कमी होईल असा मॅनेजरचा अंदाज. इथे हुशार माणसंही घसरतात. हे 90 लाख म्हणजे नफा नव्हे. स्वतःचेच अडकलेले पैसे एकदा मोकळे होतात, दरवर्षी नाही. दरवर्षी वाचतं ते त्यांच्यावरचं 9 लाखांचं व्याज. टेम्पोचा खर्च निम्मा झाला तर 7 लाख, मोजणीतली तूट एक तृतीयांश कमी झाली तर 6 लाख. एकूण 22 लाख. त्यातून 11 लाख चालू खर्च वजा केला की हातात उरतात 11 लाख. 55 लाख वसूल व्हायला पाच वर्षं.

पाच वर्षं हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. म्हणून मोह असा होतो की 90 लाख बचतीत मिसळायचे आणि ‘सहा-सात महिन्यांत पैसे वसूल’ असं लिहायचं. एमडींच्या शेजारी बसणारा सीए पहिल्याच वाचनात हे पकडतो, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: एकदा मोकळी होणारी रोकड 90 लाख, दरवर्षीची निव्वळ बचत 11 लाख. खाली अजून एक ओळ हवी. साठा अपेक्षेच्या निम्माच उतरला तर? व्याज साडेचार लाखच वाचेल, निव्वळ बचत साडेसहा लाखांवर येईल आणि वसुलीला आठ वर्षांच्या वर लागतील. म्हणजे सगळा प्रस्ताव साठा उतरण्यावर उभा आहे, आणि साठा उतरणं वहीवरच्या भरवशावर.

कायद्याची भीती दाखवून टिपण फुगवू नये, हे जाता जाता. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहायला हवा, हा नियम विक्रेते हटकून सांगतात. पण ती सोय टॅलीतही आहे. तेवढ्यासाठी 55 लाख लागत नाहीत.

एमडी आता एक अडचणीचा प्रश्न विचारतील. “वही सुधारली की साठा उतरणार, तर वहीच सुधारा की. ईआरपी कशाला?” प्रश्न रास्त आहे आणि टिपणाने तो स्वतःहून घ्यावा. शिस्तीने आकडे जुळतील. पण ग्राहकाचं शेड्यूल दर आठवड्याला बदलतं, आणि त्यासरशी नऊशे वस्तूंची गरज नव्याने काढावी लागते. एक्सेलमध्ये त्याला दोन दिवस जातात, तोवर पुढचा बदल आलेला असतो. हे गणित, ज्याला एमआरपी म्हणतात, प्रणाली काही मिनिटांत करते. मात्र तिला दिलेली माहिती बरोबर हवी. एका ब्रॅकेटला 1.2 किलो पोलाद लागतं, पण बीओएममध्ये, म्हणजे त्या भागाच्या सामानाच्या यादीत, बर न धरता 1.1 किलो लिहिलंय असं समजा. महिन्याला 50,000 ब्रॅकेट असतील तर प्रणाली 60 टनांऐवजी 55 टनच मागवायला सांगेल. जुना खरेदीवाला अंदाजाने जास्त मागवून ही चूक झाकत होता. प्रणाली झाकणार नाही, महिन्याच्या शेवटी प्रेस थांबेल आणि सगळे म्हणतील की ईआरपी बेकार आहे.

मोठ्यांचंही असं होतं. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 साली तीन नव्या प्रणाली एकदमच सुरू केल्या, तेही जुलैत, हॅलोविनच्या ऑर्डरी दाराशी असताना. काम घाईने उरकलं होतं. माल गोदामात होता, पण सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचवता आल्या नाहीत, आणि त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घसरला. आपल्याकडे बरेच जण 1 एप्रिल निवडतात, कारण आरंभीच्या शिलका सरळ घेता येतात. पण मार्च म्हणजे डिस्पॅचचा कळस आणि वर्षअखेर, दोन्ही एकाच माणसांच्या डोक्यावर. गाड्यांच्या धंद्यात दसरा-दिवाळीच्या आधीचे महिनेही तसेच. 1 जुलै त्या मानाने बरा, शिलका काढायला थोडे जास्त कष्ट पडले तरी.

या सगळ्यातून टिपणाची मागणीच बदलते. मॅनेजर 55 लाख एकदम मागत नाही. तो आत्ता 6 लाख मागतो: 4 लाख नोंदी आणि स्टोअरची मांडणी सुधारायला, 2 लाख निवडलेल्या दोन विक्रेत्यांना, आपल्याच 50 वस्तूंवर त्यांची प्रणाली चालवून दाखवण्यासाठी. विक्रेत्याच्या तयार नमुन्यात सगळंच सुरळीत चालतं. आपला अर्धा लॉट प्लेटिंगहून परत आला आणि त्यातले चाळीस नग रिजेक्ट झाले, तर नोंद कशी करायची, हे त्याला समोर करून दाखवायला लावायचं. काम ऑक्टोबर ते जानेवारी चालेल. 31 जानेवारीला पुन्हा शंभर वस्तू मोजायच्या, आणि मोजणारा माणूस स्टोअरचा नको, अकाउंट्सचा. निदान 90 जुळल्या तर उरलेले 49 लाख सोडायचे. नाही जुळल्या तर थांबायचं. थांबलो तरी 6 लाख पूर्ण वाया जात नाहीत, कारण सुधारलेलं स्टोअर आपलंच राहतं.

टिपणाच्या शेवटच्या परिच्छेदात पैशांची मागणी नाही, माणसांची आहे. स्टोअरचे वरिष्ठ, प्लॅनिंगचा अभियंता आणि अकाउंट्समधला एक जण, असे तिघे फेब्रुवारी ते जून अर्धा दिवस या कामाला लागतील आणि त्यांच्या जागी कोण बसेल याची नावं सोबत जोडली आहेत. एमडींनी सही करण्याआधी इथे थांबून त्या तिघांच्या वरिष्ठांना बोलावून घ्यावं. ‘जमेल तसा वेळ देऊ’ असं कुणी म्हटलं, तर सही त्या दिवशी करू नये.