छपराचे पाणी आणि टाकीचे माप

गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो, तर इंदूरला त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तेव्हा छपराचे पाणी साठविण्याकरिता इंदूरकराला गोवेकराहून पुष्कळ लहान टाकी पुरेल, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिशेब मांडून पाहिला म्हणजे उत्तर वेगळेच येते.

प्रथम छपरावर पाणी किती मिळते ते पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छपराचे क्षेत्रफळ मोजताना उतरत्या कौलांची लांबी धरावयाची नसते. छपराखाली जमिनीची जेवढी जागा झाकली जाते तेवढीच धरावयाची. उभा उतार अधिक कौले खातो, अधिक पाऊस झेलीत नाही. शिवाय कौले पाणी शोषतात, काही पाणी पन्हळीबाहेर उडते, आणि पहिल्या सरींचे धुळीचे पाणी सोडूनच द्यावे लागते. म्हणून शंभरातील ऐंशी भागच हाती येतात असे मानणे शहाणपणाचे.

आता पणजीच्या परिसरातील पाच माणसांचे एक कौलारू घर घेऊ. छप्पर पन्नास चौरस मीटरांचे. म्हणजे दर मिलिमीटरमागे ४० लिटर पाणी पदरात पडेल. पावसाचे सरासरी आकडे, हिशेबाच्या सोयीसाठी ठोकळ मानाने, असे: जून ९००, जुलै ९००, ऑगस्ट ५५०, सप्टेंबर २७०, ऑक्टोबर १३०, नोव्हेंबर ३० मिलिमीटर. एकट्या जूनमध्येच ३६,००० लिटर पाणी मिळते.

घरातील सर्व कामांना माणशी शंभर लिटर धरले तर महिन्याला १५,००० लिटर लागतील आणि डिसेंबर ते मे एवढ्याच काळासाठी ९०,००० लिटरांची टाकी हवी. तेवढी टाकी बांधणे सामान्य संसाराच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून हे पाणी पिण्यास व स्वयंपाकास राखून ठेवावे: माणशी दहा लिटर, घराला दिवसाला ५०, महिन्याला १,५०० लिटर. ऑक्टोबरात ५,२०० लिटर येतात व १,५०० खर्च होतात. अर्थात महिनाअखेर टाकी भरलेलीच राहते. नोव्हेंबरात १,२०० येतात, ३०० कमी पडतात. पुढे डिसेंबर ते एप्रिल जवळजवळ काहीच नाही, म्हणजे ७,५०० ची तूट. मे महिन्यातील वळिवाचा भरवसा धरू नये; त्याचे १,५०० धरून एकूण तूट ९,३०० होते. मृग दहा दिवस लांबला तर आणखी ५००. थोडक्यात, दहा हजार लिटरांची टाकी.

छप्पर दुप्पट केले तरी हे माप बदलत नाही. जास्तीचे पाणी जुलैतच सांडव्यावाटे वाहून जाईल. टाकीचे माप ठरते ते वर्षाच्या पावसावरून नव्हे, तर कोरड्या महिन्यांच्या सलग लांबीवरून.

हेच घर इंदूरला नेले तर काय होईल? तेथे ऑक्टोबरात सुमारे ४० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १,६०० लिटर. त्या महिन्याचा खर्च जेमतेम भागतो. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांचे १०,५००, आणि पाऊस जूनच्या उत्तरार्धात येत असल्याने आणखी हजारभर. टाकी हवी बारा हजारांची, म्हणजे पणजीहून मोठीच! मात्र येथे छपरालाही महत्त्व येते. वर्षाच्या सुमारे ९४० मिलिमीटर पावसाचे या छपरावर ३७,६०० लिटर होतात आणि गरज आहे १८,००० ची. अवर्षणाच्या साली पाऊस निम्म्यावर आला तरी कसेबसे भागेल. पण छप्परच पंचवीस चौरस मीटरांचे असते, तर चांगल्या सालातच जेमतेम पुरले असते आणि वाईट सालात मोठी टाकीही रिकामी राहिली असती.

पणजीची टाकी अडीच मीटर लांब व दोन मीटर रुंद बांधली तर दहा हजार लिटरांना दोन मीटर खोली लागते. परंतु गाळ वर येऊ नये म्हणून तोटी तळापासून पंधरा सेंटिमीटर उंच बसवितात. तिच्या खालचे ७५० लिटर उपयोगी पडत नाहीत, आणि हेच विसरल्यामुळे अनेकांचा हिशेब मे महिन्यात चुकतो. म्हणून सांडव्याचे तोंड तळापासून सव्वादोन मीटरांच्या आसपास असावे.

या मापाच्या टाकीत ५० लिटर काढले की पाणी बरोबर एक सेंटिमीटर उतरते. तेव्हा खुणा केलेली काठी आत बुडवून पाहावी: तोटीच्या पातळीवर जितके सेंटिमीटर पाणी, तितक्या दिवसांचा साठा. एक फेब्रुवारीला हे माप एकशेवीस सेंटिमीटरांहून कमी भरले, तर मे अखेरपर्यंत पाणी पोचणार नाही. मग दोन दिवस तोटी बंद ठेवून काठी पुन्हा बुडवावी. पातळी ढळली नाही तर घरातला उपसा वाढला आहे; ढळली तर टाकीस चीर गेली आहे व गवंड्यास बोलावणे भाग आहे.