वक्कल लावण्याआधी

ती. अण्णा,

मागच्या रविवारी फोनवर मी पुण्यात घरोघरी कांदा द्यायचा विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ओतूरला पिशव्या उतरवल्या की पट्टी हातात येते. तुझ्या त्या घराघरांत कोण हिंडणार?" तुमचं म्हणणं मला पटतं. पण गेल्या मे महिन्यात मी पुण्याला नेलेल्या दहा पिशव्यांचा हिशेब तुम्हाला कधी नीट सांगितलाच नाही. फोनवर तो सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

दहा पिशव्या म्हणजे पाचशे किलो. बाजारासाठी भरलेल्या तशाच मी टेम्पोत टाकल्या. सोसायटीतल्या २८ घरांनी आधी नावं दिली होती. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरून कांदा ओतला आणि तिथेच माझी चूक कळली. जोड कांदा, डेंगळे, गोल्टी, जाड मानेचा असा नव्वद किलो माल बाजूला पडला. बाजारात हा सगळा वक्कलात खपून जातो, कारण बोली एकूण मालावर लागते. घरी नेणारी बाई मात्र पिशवी उघडून एकेक कांदा बघते. म्हणजे न विकणाऱ्या नव्वद किलोंना मी शंभर किलोमीटरचं भाडं भरलं होतं.

कोणी दहा किलो नेला, कोणी वीस. २४ रुपयांनी ३८० किलो गेला, त्याचे ९,१२० रुपये आले. बाजूला काढलेला माल एका खानावळीने ६ रुपयांनी घेतला, ते ५४०. उरलेला तीस किलो बदली देण्यात आणि वाटण्यात गेला. खर्चात टेम्पो १,८००, जाळीच्या पिशव्या ३८०, आणि माझी नि मित्राची दिवसाची मजुरी धरली तर ८००. हातात राहिले ६,६८०. त्याच आठवड्यात तुम्ही लावलेल्या वक्कलाला दहा किलोला १२५ चा भाव मिळाला होता. त्या भावाने पाचशे किलोचे ६,२५० झाले असते, भाडं, हमाली, तोलाई जाऊन ५,९५०. इतकी धावपळ करून मी ७३० रुपये जास्त मिळवले. तेव्हा लाज वाटली म्हणून बोललो नाही. आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं, कारण तोटा कुठे झाला ते त्या हिशेबातच दिसतं.

पुढचं आणखी महत्त्वाचं. पंधरा-वीस दिवसांनी चार घरांतून फोन आले की कांदा बुडाशी ओला लागतोय, वास येतोय. मी जाऊन पाहिलं. चारही पिशव्या खालच्या तुकड्यातल्या मालाच्या होत्या. तिथे माना पडायला लागल्यावरही आपण एक पाणी दिलं होतं, कांदा फुगेल म्हणून. बाजारात वजन मिळालं असतं, पण त्या कांद्याची मान आतून वाळलीच नाही आणि सड तिथूनच आत उतरली. शिवाय दोन घरांनी कांदा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओट्याखाली ठेवला होता, वर बटाटे. आपल्या बराखीत खालून-वरून वारा खेळतो, फ्लॅटमध्ये ओट्याखाली वारा कुठला? म्हणून तिथे जाणारा कांदा बराखीतल्यापेक्षाही जास्त वाळलेला हवा.

यंदा म्हणून एवढं करा. खालच्या तुकड्याचं पाणी काढणीच्या पंधरा दिवस आधी तोडा. निम्म्याहून जास्त माना पडल्या की उपटा, आणि तीन-चार दिवस पातीसकट शेतातच असा पसरा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल, म्हणजे ऊन थेट लागणार नाही. काटणी करताना मान इंच-दीड इंच ठेवायला सांगा. बायका घाईत बुडाशी कापतात आणि तोंड उघडं राहतं. मग सावलीत पंधरा दिवस आरण. पिशवी भरण्याआधी मान बोटांत दाबून बघायची. आत मऊ लागली तर तो कांदा पुण्याला नाही. वाळलेल्या ढिगात हात घातला की पापुद्रे सळसळतात, हे तुम्हीच मला शिकवलंय.

तुमची एक शंका मला सगळ्यात जास्त खरी वाटते. चांगला माल निवडून पुण्याला दिला तर उरलेल्या वक्कलाचा भाव पडेल आणि इथे मिळवलेलं तिथे जाईल. मी त्यावर बराच विचार केला. पण घरांना मोठा गोळा कांदा नकोच असतो. गेल्या वर्षी तिघींनी तक्रार केली की अर्धा कांदा चिरून फ्रिजमध्ये पडून राहतो. त्यांना एका भाजीला एक पुरेल असा मध्यम हवा. बाजारात वरची बोली तर गोळ्यालाच लागते. म्हणजे मधला माल आपण काढायचा, गोळ्याचं वक्कल वेगळं लावायचं, गोल्टीचं वेगळं. पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः बोलीला उभे राहून बघा, माझा अंदाज चुकला तर तिथेच थांबू.

निवड या वेळी आपल्याच खळ्यावर व्हावी. गोळा आधीच वेगळा काढून उरलेला १,८३० किलो निवडला तर गेल्या वर्षीच्या प्रमाणात दीड हजार किलो चांगला निघेल, म्हणजे एक पिकअप भरते. २४ च्याच दराने ३६,००० होतात. भाडं ३,५००, दहा किलोच्या दीडशे पिशव्या १,५००, सात बायकांची मजुरी २,८००. उरतात २८,२००, आणि मागे राहिलेली गोल्टी ६ रुपयांनी सुमारे दोन हजारांची. तेवढाच माल गेल्या वर्षीच्या भावाने ओतूरला पावणेबावीस हजारांच्या आसपास झाला असता. फरक आठ हजारांवर जातो. दीडशे पिशव्यांना साधारण एकशे दहा घरं लागतील. शेजारच्या दोन सोसायट्यांत मी बोललोय, नावं एप्रिलअखेर दर सांगूनच घेईन, आणि जेवढी नावं तेवढ्याच पिशव्या भरायच्या. माल रविवारी सकाळी आठ ते अकरा पार्किंगमध्येच मिळेल, घरपोच नाही. मजल्यामजल्यावर चढवायला माणसं लावली की सगळा नफा जिन्यातच जातो.

दीड एकरात दीडशे क्विंटल निघाला, तर हा त्यातला जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा माल ओतूरलाच जाणार. बाजार सोडा असं मी म्हणतच नाही. दीडशे क्विंटल घरोघरी द्यायचा तर हजारभर कुटुंबं लागतील, आणि ती सांभाळायला मला नोकरी सोडावी लागेल.

आता जे तुमच्याशिवाय ठरणार नाही ते लिहितो. २०२३ च्या डिसेंबरात निर्यात बंद झाली आणि बाजार कोसळला, ते दिवस आपण पाहिले. तशा वेळी ही घरं ठरलेलाच दर देतील. पण सप्टेंबरात बराखीतल्या कांद्याची दुसरी खेप द्यायची म्हणतोय, तेव्हा ओतूरला दहा किलोला चारशे झाले, तरी तो त्यांना ठरल्या दरानेच द्यावा लागेल. बराखीत वजन घटतं, काही सडतं, म्हणून दुसऱ्या खेपेचा दर थोडा चढा धरता येईल, मात्र तो आजच सांगायला हवा, ऐनवेळी नाही. तो दिवस आला तर तुमचा हात पिशवी भरायला उठेल का? नाही उठणार असं वाटत असेल तर तसं सांगा, मी फक्त मे महिन्याचीच नावं घेईन.

आईला सांगा, काटणीच्या आठवड्यात मी तीन दिवस रजा काढून येतोय. खालच्या तुकड्याचं पाणी कधी तोडताय तेवढं कळवा.

तुमचा बाळू