अंधेरीहून लेहला: हिमोग्लोबिनची पकड कशी बदलते?

पी-५०: ज्या ऑक्सिजन-दाबाला हिमोग्लोबिनच्या निम्म्या जागा भरतात तो दाब. निरोगी प्रौढात तो सुमारे २७ मिलिमीटर पारा असतो. तो वाढला म्हणजे पकड सैल झाली.

ऊतींत: राबणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइडचा पाण्याशी संयोग होऊन प्रोटॉन मोकळे होतात व ते हिमोग्लोबिनमधील हिस्टिडीन या अमिनो आम्लाला चिकटतात. थोडा कार्बन डायऑक्साइड प्रथिन-साखळ्यांच्या टोकांना थेट जोडला जातो, आणि या दोन्हींमुळे ऑक्सिजन सुटतो. क्रिस्तियान बोर व सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये वर्णिलेला हाच ‘बोर परिणाम’.

उंचीवर: अंधेरीहून विमानाने सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला पोहोचलेल्या प्रवाशाचा श्वास वेगावतो, कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते आणि पकड घट्ट होते. मात्र हीच अल्कधर्मिता तांबड्या पेशींत बायफॉस्फोग्लिसरेटची निर्मिती वाढवते, आणि हा रेणू ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या दोन बीटा साखळ्यांमधील पोकळीत बसून पकड सैल करतो. ही वाढ एक-दोन दिवसांत दिसू लागते व दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. एव्हरेस्टच्या माथ्यावर मात्र श्वसन इतके तीव्र होते की पकड घट्टच राहते, आणि विरळ हवेतून ऑक्सिजन भरून घेण्यास ती उपयोगी पडते.