बी-१२ ‘नॉर्मल’, तरी पाय बधिर

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. मधुमेहासाठी नऊ वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू, जेवण शाकाहारी, दूध जेमतेम चहापुरतं. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. हिमोग्लोबिन १२.२, म्हणजे ठीक. बी-१२ आलं २४८ पिकोग्रॅम. प्रयोगशाळेने छापलेली खालची मर्यादा २११, त्यामुळे आकड्यापुढे कसलीच खूण नाही. अशा वेळी मुंग्यांचं खापर मधुमेहावर फुटतं आणि विषय तिथेच संपतो. तो संपू नये, कारण बी-१२च्या कमतरतेने मज्जातंतूंना इजा व्हायला आधी हिमोग्लोबिन उतरावंच लागतं असं नाही.

साधारणपणे २००च्या खाली कमतरता धरतात आणि ३००च्या वर ती बहुधा नसते. मधला पट्टा फसवा. रक्तात बी-१२ दोन प्रथिनांना चिकटून फिरतं. त्यातलं सुमारे ८० टक्के हॅप्टोकॉरिनला चिकटलेलं असतं आणि ते बहुतेक पेशींच्या उपयोगी पडत नाही. ट्रान्सकोबालामिनसोबत असलेला उरलेला थोडा भागच पेशींत पोचतो. नेहमीची तपासणी मात्र दोन्ही एकत्र मोजते. त्यामुळे २४८ हा आकडा साठा पुरेसा असलेल्या माणसाचाही असू शकतो आणि पेशी उपाशी असलेल्याचाही.

पुण्यात हे मोजून पाहिलेलं आहे. हेल्गा रेफ्सम, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पुण्यातल्या २०४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती रक्तातली पातळी पाहिली तर ४७ टक्के लोकांत कमतरता दिसत होती. मिथाइलमॅलोनिक ॲसिड मात्र ७३ टक्के लोकांत वाढलेलं होतं.

हे ॲसिड, म्हणजेच एमएमए, वाढतं ते काम अडल्यामुळे. शरीरात बी-१२ दोनच रासायनिक क्रियांना लागतं. एका क्रियेत होमोसिस्टीनचं मेथिओनिन होतं, आणि तिथे बी-१२च्या जोडीला फोलेटही हवं असतं. दुसरीत मिथाइलमॅलोनिल नावाचा घटक ऊर्जेच्या वाटेला लागतो. तिथे फोलेटचा संबंध नाही. बी-१२ कमी पडलं की दोन्हीकडचा माल साचतो आणि रक्तात दिसू लागतो. फोलेट कमी पडलं तर फक्त होमोसिस्टीन वाढतं.

आता त्या बाईंकडे येऊ. होमोसिस्टीन २४ मायक्रोमोल आलं. १५च्या वर ते वाढलेलं समजतात. एमएमए ०.६२ आलं, प्रयोगशाळेनुसार त्याची वरची मर्यादा ०.३ ते ०.४च्या आसपास असते. क्रिएटिनिन ०.८, म्हणजे मूत्रपिंडं व्यवस्थित. माझ्या मते इथे शंकेला जागा राहत नाही. पातळी २४८ असली तरी ही कमतरताच आहे. मुंग्यांत मधुमेहाचाही वाटा असेल, पण उपचार बी-१२चाही व्हायला हवा.

याच बाईंचं एमएमए ०.१८ आलं असतं तर? मग २४ होमोसिस्टीनचा अर्थ वेगळा लावावा लागला असता. आधी फोलेट आणि थायरॉइड पाहावं लागलं असतं. त्याहीआधी नमुना कसा हाताळला हे विचारावं लागलं असतं. रक्त काढल्यावर लाल पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. नळी बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा केला नाही, तर आकडा फुगतो. कलेक्शन सेंटरवर दुपारपर्यंत पडून राहिलेल्या नळीवरून निदान करू नये.

आणि क्रिएटिनिन २.१ असतं तर? मूत्रपिंडं मंदावली की एमएमए आणि होमोसिस्टीन दोन्ही वाढतात, बी-१२ भरपूर असतानासुद्धा. अशा रुग्णात ०.५ एमएमएवरून ठाम काही सांगता येत नाही. तिथे बी-१२ देऊन काही आठवड्यांनी पुन्हा मोजणं हाच उपयोगी मार्ग. एमएमए ठळक उतरलं तर कमतरता होती, जवळपास तिथेच राहिलं तर कारण मूत्रपिंडाचं. दोन्ही आकडे नॉर्मल आले, तर मुंग्यांचं कारण दुसरीकडे शोधावं.

एमएमएची तपासणी महाग आहे आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होते. म्हणून ती सरसकट करण्यात अर्थ नाही. पातळी स्पष्ट कमी असेल तर तिची गरजच नसते. लक्षणं मज्जातंतूंची असतील तर रक्त घेऊन लगेच उपचार सुरू करावा, अहवालासाठी थांबू नये.

क्रम मात्र सांभाळायला हवा. बी-१२चं इंजेक्शन घेतल्यावर रक्तातली पातळी झपाट्याने चढते आणि एक-दोन आठवड्यांत एमएमए, होमोसिस्टीनही उतरतात. त्यानंतरच्या ‘नॉर्मल’ अहवालावरून आधी कमतरता होती की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा ‘ताकदीचं’ इंजेक्शन किंवा मल्टिव्हिटॅमिन सुरू करण्याआधी रक्त द्या, आणि आधीच घेतलं असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा.