पिंग वाढतो तो रांगेमुळे

घरात १०० एमबीपीएसचं कनेक्शन, स्पीड टेस्टला आकडाही पूर्ण येतो, तरी रात्री बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट रंगात आलं की पिंग तीसवरून चारशेवर उडी मारतो. नेम बरोबर लागूनही समोरचा पडत नाही. मग जास्त वेगाचा प्लॅन घेतला जातो आणि त्रास बऱ्याचदा तसाच राहतो, कारण मूळ दुखणं राउटरमध्ये लागलेल्या रांगेत असतं.

२०१० साली अमेरिकेत जिम गेटिस घरून एमआयटीकडे फाइली पाठवत होते. तेवढ्या वेळात बाकीचं इंटरनेट जवळजवळ ठप्प झालं आणि पिंग सेकंदाच्या वर गेला. डेटा वाया जाऊ नये म्हणून राउटर-मोडेममध्ये ठेवलेली साठवणीची जागा, म्हणजे बफर, गरजेपेक्षा फार मोठी होती. या दुखण्याचं बफरब्लोट हे नाव त्यांच्यामुळेच रूढ झालं.

हिशेब सोपा आहे. अपलोड २० एमबीपीएस असेल आणि कुणाच्या तरी मोबाइलचा फोटो-बॅकअप सुरू झाल्याने बफरमध्ये १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट साचले, तर रांग सरायला ०.४ सेकंद लागतात. खेळाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं आणि पिंगमध्ये ४०० मिलिसेकंदांची भर पडते.

खात्री करायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवावं:

```
ping -t 1.1.1.1
```

मग दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करावा. संगणक केबलने राउटरला जोडलेला असावा, नाहीतर वायफायचा दोषही त्यात मिसळतो. अपलोड सुरू होताच आकडे फुगले आणि थांबताच उतरले, तर निदान झालं.

उपाय राउटरच्या क्यूओएसमध्ये असतो, पण फक्त खेळाच्या यंत्राला 'हाय प्रायॉरिटी' देऊन भागत नाही. रांग पुढच्या मोडेममध्ये लागत असेल, तर तिथे ती शिफारस पोचतच नाही. म्हणून राउटरला वेगाची मर्यादा घालून द्यायची: मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्के, म्हणजे इथे डाउनलोड ९० आणि अपलोड १८. आता रांग राउटरच्याच ताब्यात राहते. ओपनडब्ल्यूआरटीवर SQM निवडून cake किंवा fq_codel लावलं, की प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट मिळते आणि बॅकअपच्या ढिगाखाली खेळ दबत नाही. थोडा वेग सोडावा लागतो, पण सौदा फायद्याचाच आहे. मात्र स्वस्त राउटरचा प्रोसेसर मोठ्या वेगाला हे काम झेपवू शकत नाही. तेव्हा डाउनलोड ठरवलेल्या मर्यादेच्याही बरंच खाली येतं. अशा वेळी निदान अपलोडला तरी मर्यादा घालावी.

डीएनएसकडून मात्र भलतीच अपेक्षा ठेवली जाते. ते सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधून देतं; सामना सुरू झाल्यावर पॅकेटं थेट त्या पत्त्यावर जातात. 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 घातल्याने लॉगिन किंवा स्टोअर लवकर उघडेल, सामन्यातला पिंग सहसा तेवढाच राहील.