गाइडच्या टेबलावर रिपोर्ट असताना

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सत्रात एप्रिल उजाडला की दोन कामं एकदमच अंगावर येतात. एकीकडे प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि त्यावरची ओरल, दुसरीकडे एंडसेमची लेखी परीक्षा. बहुतेक मुलं यातून दोनपैकी एक वाट काढतात. ‘आधी रिपोर्ट संपवू, मग अभ्यासाला बसू’ ही एक वाट, आणि ‘दिवसाचे निम्मे तास याला, निम्मे त्याला’ ही दुसरी. पहिल्या वाटेवर रिपोर्ट कधीच संपत नाही, दुसऱ्या वाटेवर दोन्ही कामं अर्धवट राहतात. या दोन कामांचा स्वभावच वेगळा असल्यामुळे असं होतं, आणि वेळ वाटायचा तो त्या स्वभावाकडे पाहून.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमाचं उदाहरण घेऊ. लेखी विषयाच्या 100 गुणांपैकी 30 गुण इनसेमचे. ती परीक्षा पहिल्या दोन युनिटांवर होते आणि एप्रिलपर्यंत मागे पडलेली असते. उरलेले 70 गुण एंडसेमचे, तिसऱ्या ते सहाव्या युनिटांवर. अडीच तासांच्या पेपरात ‘प्रश्न 1 किंवा 2’, ‘प्रश्न 3 किंवा 4’ असे पर्याय असतात, पण ते एकाच युनिटातले. म्हणजे एखादं युनिट ‘ऑप्शनला टाकलं’ तर पर्याय मदतीला येत नाही, थेट 17 किंवा 18 गुण जातात. चार लेखी विषय असतील, तर सोळा युनिटं आहेत आणि सोळाही करायला लागणार आहेत. अभ्यासाचं माप असं अगदी नेमकं सांगता येतं.

रिपोर्टचं माप मात्र सांगता येत नाही. प्रास्ताविक आणखी एकदा सुधारता येतं, आकृत्या आणखी देखण्या करता येतात, संदर्भ वाढवता येतात. त्याला जितका वेळ द्याल तितका तो खातो. शिवाय त्यातलं बरंचसं काम आपल्या हातात नसतं. गाइडचं वाचन, प्लॅजरिझम चेक, छपाई, बाइंडिंग, सर्टिफिकेटवर विभागप्रमुखांची आणि प्राचार्यांची सही, या सगळ्यात दिवस जातात आणि त्या दिवसांत आपण फक्त थांबलेलो असतो. ही थांबण्याची वेळ एक दुखणं वाटते, पण माझ्या मते शेवटच्या सत्रातला अभ्यासाचा सर्वांत मोठा सलग वेळ तिथेच दडलेला आहे. ती वेळ लवकर यावी यासाठीच रिपोर्टचं लेखन लवकर सुरू करायचं.

किती लवकर, याचा अंदाज बांधताना आपण सगळेच फसतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहिणाऱ्या 37 विद्यार्थ्यांना, तो किती दिवसांत संपेल असं विचारलं होतं. त्यांच्या अंदाजाची सरासरी साधारण 34 दिवस आली. प्रत्यक्षात सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. सगळं बिघडलं तर किती दिवस लागतील, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर 49 च्या आसपास होतं, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. या आकड्यांतून एक साधा गुणक मिळतो: मनात येईल त्या दिवसांना 1.6 ने गुणायचं. तो काही निसर्गनियम नाही, पण आपल्या उत्साहापेक्षा भरवशाचा आहे.

आता तारखा मांडू. समजा चौघांच्या एका गटाने जमिनीतला ओलावा मोजून ठिबक सिंचन चालू-बंद करणारी यंत्रणा बनवली आहे. त्यांची ओरल 12 मेला आहे आणि लेखी परीक्षा 25 मेपासून. मोजणी उलटी सुरू करायची. बांधलेल्या प्रती विभागात 8 मेला द्यायच्या. छपाई, बाइंडिंग आणि सह्यांसाठी 4 ते 7 मे. प्लॅजरिझम चेक आणि त्यात निघालेले परिच्छेद नव्याने लिहिण्यासाठी 1 ते 3 मे. गाइडचं दुसरं वाचन 27 ते 30 एप्रिल, त्याआधी दुरुस्त्यांचे तीन दिवस, त्याआधी पहिलं वाचन 19 ते 23 एप्रिल. म्हणजे पूर्ण मसुदा 18 एप्रिलच्या रात्री गाइडकडे जायला हवा. गटाला वाटतं की लेखन आठ दिवसांचं आहे. 1.6 ने गुणलं की तेरा दिवस होतात, म्हणजे लेखन 6 एप्रिलला सुरू झालंच पाहिजे. आणि त्यातून सर्वांत जड निर्णय येतो: 5 एप्रिलनंतर कोडला किंवा सर्किटला हात लावायचा नाही.

हा निर्णय मुलांना फार लागतो. मोबाइल ॲपमध्ये आलेख दाखवायचा राहिलेला असतो, दुसरा सेन्सर जोडायचा असतो. पण 5 तारखेनंतर एक सेन्सर जोडला की मोजमापं बदलतात, तक्ते बदलतात, चाचण्यांचं प्रकरण बदलतं, आणि रिपोर्टमध्ये एका पानावर जुना आकडा आणि दुसऱ्या पानावर नवा आकडा राहून जातो. एक्स्टर्नलच्या नजरेत पहिल्यांदा येतं ते हेच. राहिलेल्या गोष्टी ‘पुढील काम’ या भागात सन्मानाने लिहिता येतात. सेन्सरने ओल्या मातीत चुकीचं माप दिलं असेल, तर तेही निष्कर्षात लिहावं. खरं काय घडलं हे सांगणारा रिपोर्ट ओरलमध्ये सांभाळायला सोपा जातो.

लिहिण्याचा क्रम पानांच्या क्रमासारखा नसावा. मोजमापं ताजी असताना चाचण्या आणि निकाल आधी लिहावेत, मग रचना आणि बांधणी. प्रास्ताविक, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा आणि सुरुवातीचा आराखडा सातव्या सत्राच्या स्टेज वनच्या रिपोर्टमध्ये तयारच असतो. तो नव्याने लिहिण्यात दिवस घालवू नयेत. मात्र तिथली वाक्यं भविष्यकाळातली असतात. ‘प्रणाली ओलावा मोजेल’ हे ‘प्रणालीने ओलावा मोजला’ असं बदलायचं राहिलं, तर अख्खं प्रकरण उचलून चिकटवलेलं दिसतं. सारांश सर्वांत शेवटी. समास, पानांच्या चौकटी आणि आकृत्यांचे क्रमांक तर मजकूर पूर्ण होईपर्यंत बघायचेच नाहीत. मजकूर अर्धा असताना कोणी चौकटी जुळवत बसलेलं दिसलं, तर समजावं की लेखन अडलं आहे आणि ते टाळण्याचा हा सोयीचा मार्ग सापडला आहे.

या तेरा दिवसांत अभ्यासाचं काय? तो बंद ठेवायचा नाही, पण त्याला रोज सकाळचे दोनच तास द्यायचे, तेही लॅपटॉप उघडण्याआधी. आधी रिपोर्ट उघडला की अभ्यासाचे तास त्यातच जातात, कारण रिपोर्टवर कोणीतरी वाट पाहत असतं आणि अभ्यासाची वाट कोणी पाहत नाही. दोन सकाळी मिळून एक युनिट, अशा गतीने 1 ते 18 एप्रिलमध्ये एखाद-दोन सकाळी वाया गेल्या तरी आठ युनिटं होतात. उरलेली आठ युनिटं गाइडच्या दोन वाचनांच्या नऊ दिवसांत बसतात. त्या दिवसांत रिपोर्टची फाइल उघडायचीच नाही. एप्रिल संपताना सोळाही युनिटांवरून एकदा हात फिरलेला असतो.

दोन तास पुरतात का, हे ते कसे घालवता यावर ठरतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये एक प्रयोग मांडला. एका गटाने मजकूर वाचला आणि पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा त्यांना 42 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पुन्हा वाचताना ‘हे येतंय’ असं वाटतं आणि तीच फसगत असते. म्हणून युनिट झालं की वही मिटून एक पूर्ण प्रश्न लिहून पाहायचा. अडीच तासांत चार प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला साधारण 37 मिनिटं. तेवढ्यात उत्तर उतरलं तर युनिट झालं. नोट्सवर पिवळं मार्कर फिरवून ते झालेलं नसतं. सकाळच्या दोन तासांतला शेवटचा अर्धा तास आठवड्यापूर्वीच्या युनिटासाठी राखायचा आणि त्यातलं काय आठवतं ते कोऱ्या कागदावर उतरवायचं. विसरायला लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न केला की ते जास्त टिकतं.

हे सगळं एका विद्यार्थ्याचं गणित झालं, पण रिपोर्ट चौघांचा असतो, आणि अन्याय तिथेच होतो. ज्याला वर्ड किंवा लेटेक नीट येतं, त्याच्याकडे ‘तूच बघ ना’ म्हणून अख्खा रिपोर्ट येतो. बाकीचे तिघे अभ्यास करतात आणि याचे विषय राहतात. प्रकरणं वाटतानाच संपादकाचं कामही मोजावं: जो जोडणार आहे त्याला लिहायला एकच छोटं प्रकरण द्यावं आणि छपाई-सह्यांची धावपळ दुसऱ्याकडे द्यावी. उलट बाजूही आहे. एक्स्टर्नल प्रत्येकाला स्वतंत्र विचारतात. ज्याने रिपोर्टचं पानही वाचलेलं नाही, तो ओरलच्या आदल्या रात्री अभ्यास सोडून स्वतःच्याच प्रोजेक्टची ओळख करून घेत बसतो. म्हणून 18 एप्रिलच्या आधी प्रत्येकाने दुसऱ्याचं एक प्रकरण तपासावं. ओरलची निम्मी तयारी तिथेच होते.

आराखडा मोडतो तो बहुधा गाइडच्या वाचनावर. पाच दिवसांत मसुदा परत आला नाही तर वाट पाहत बसू नये, भेटून ‘कोणती दोन प्रकरणं आधी बघाल’ एवढंच विचारावं. तुकड्यातुकड्याने परत आलेल्या दुरुस्त्याही चालतात. रोज संध्याकाळी रिपोर्ट बंद करताना उद्या कुठून सुरुवात करायची ते एका ओळीत लिहून ठेवावं, म्हणजे सकाळी युनिट वाचताना डोकं तक्ता क्रमांक 6.2 कडे धावत नाही.

ओरल झाल्यावर 13 ते 24 मे असे बारा दिवस हातात असतात. तिथे नवीन काही शिकायचं नाही. मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून अडीच तासांत सोडवायचे, आणि एकाच विषयाचे सलग तीन पेपर घेण्यापेक्षा चारही विषय आळीपाळीने फिरवायचे. ज्या प्रश्नावर 37 मिनिटं उलटली तेवढं युनिट पुन्हा उघडायचं, बाकीची मिटलेलीच ठेवायची. एप्रिलमध्ये पहिला हात फिरलेला नसेल, तर मात्र या बारा दिवसांत सोळा युनिटं पहिल्यांदाच वाचावी लागतात आणि पेपर सोडवायला एकही दिवस उरत नाही.