गायीचे आरोग्यकार्ड: पुढच्या लसीची तारीख आणि दूध बाजूला ठेवण्याचे दिवस

दुभत्या जनावराच्या आरोग्यकार्डावर दोन प्रकारच्या तारखा असतात. लसीकरणाच्या पानावरची तारीख पुढची लस कधी टोचायची ते सांगते. उपचाराच्या पानावरची तारीख औषध दिलेल्या गायीचे दूध कधीपर्यंत डेअरीला घालायचे नाही, ते सांगते. पहिली चुकली तर गोठ्यातले जनावर उघडे पडते. दुसरी चुकली तर औषधाचा अंश दूध पिणाऱ्याच्या पोटात जातो. दोन्ही तारखा मोजण्याची रीत निराळी आहे, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

उदाहरणासाठी तिसऱ्या वेतातली एक संकरित गाय घेऊ. ती २ मार्चला व्यायली, तिला कालवड झाली. कार्डाच्या माथ्यावर गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आहे. कार्ड हातात घेतल्यावर आधी हा क्रमांक प्रत्यक्ष कानातल्या बिल्ल्याशी ताडून पाहावा. गोठ्यात सारख्या रंगाच्या दोन गाई असल्या की एकीची नोंद दुसरीच्या कार्डावर सहज चढते. बिल्ला पडून नवा बसवला असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक कार्डावर हवेत. सरकारी मोहिमेतील लसीकरण याच क्रमांकावर ‘भारत पशुधन’ या संगणकीय प्रणालीत नोंदवले जाते. खासगी डॉक्टरांनी गोठ्यावर येऊन केलेला उपचार मात्र तिथे असेलच असे नाही, म्हणून गोठ्यातले कार्ड वेगळे जपावे लागते.

या गायीच्या लसीकरणाच्या पानावर लाळ्या खुरकूत रोगाच्या लसीपुढे १२ एप्रिल अशी तारीख आहे आणि ‘पुढील मात्रा’ या रकान्यात १२ ऑक्टोबर. या लसीचे संरक्षण साधारण सहा महिने टिकते, म्हणून मोठ्या जनावराला ती वर्षातून दोनदा देतात. घटसर्प आणि फऱ्या यांची नोंद २० मेची आहे. या दोन्ही लसी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर टोचतात. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. मेमध्ये लस झाली तर जूनचा पाऊस सुरू होईपर्यंत जनावर तयार असते. पाऊस पडून गोठ्यात चिखल झाल्यावर टोचलेली लस वाया जात नाही, पण मधले धोक्याचे दिवस उघडेच राहतात.

पुढची तारीख नेहमी लस प्रत्यक्ष टोचल्याच्या दिवसापासून मोजायची. समजा, १२ ऑक्टोबरला गायीला ताप आहे. आजारी जनावराला लस सहसा देत नाहीत, कारण त्याचे शरीर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. अशा वेळी लस २६ ऑक्टोबरला दिली, तर त्यापुढची मात्रा २६ एप्रिलला येते. ती १२ एप्रिलला येत नाही. कार्डावर जुनी तारीख तशीच ठेवून बाजूला नवी तारीख आणि ‘ताप होता’ एवढे कारण लिहिले, तर पुढे कोणालाही हिशेब लागतो.

कालवडीचे कार्ड आईच्या कार्डावरून उतरवून चालत नाही. तिला लाळ्या खुरकूतची पहिली लस चार महिन्यांची झाल्यावर, म्हणजे २ जुलैच्या सुमारास द्यायची आणि बूस्टर मात्रा त्यानंतर एका महिन्याने. मग तिथून सहा-सहा महिन्यांचे चक्र सुरू होते. लहान वासराच्या कार्डावर पहिल्या मात्रेनंतर थेट सहा महिन्यांची तारीख पडली असेल, तर बूस्टर राहून गेला असे समजावे आणि डॉक्टरांना लगेच विचारावे. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरांना आणि चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात. या कालवडीसाठी ती मुदत २ जुलै ते २ नोव्हेंबर अशी आहे. ही लस आयुष्यात एकदाच द्यायची असल्याने तिच्यापुढचा ‘पुढील मात्रा’ हा रकाना रिकामाच असतो. ती जिवंत जंतूंची असते आणि माणसालाही बाधू शकते, त्यामुळे कुपी आणि सुई हाताळण्याचे काम डॉक्टरांवरच सोडावे.

तारखेशेजारचे बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख हे दोन रकाने अनेक कार्डांवर कोरेच असतात. लस देऊनही रोग आला किंवा एकाच दिवशी टोचलेल्या अनेक जनावरांना गाठी आल्या, तर कोणत्या कुपीतली लस होती हे केवळ या क्रमांकावरून शोधता येते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. उन्हात राहिलेली लस निकामी होते, आणि लाळ्या खुरकूतची लस तर गोठली तरी बिघडते. कार्डावर सही आहे, पण लस बर्फाच्या पेटीतून आली की पिशवीतून, हे कार्ड सांगत नाही. ते टोचून घेताना डोळ्यांनीच पाहावे.

लसीनंतर दोन-तीन दिवस दूध थोडे कमी होऊ शकते, पण या नेहमीच्या लसींसाठी साधारणपणे दूध बाजूला ठेवावे लागत नाही. मात्र लसीमुळे ताप आला म्हणून तापाचे इंजेक्शन दिले, तर त्या इंजेक्शनची मुदत पाळावी लागते. ही नोंद लसीकरणाच्या पानावर न करता उपचाराच्या पानावर करायची असते, आणि म्हणूनच ती नेमकी राहून जाते.

आता उपचाराचे पान. प्रत्येक औषध शरीरातून बाहेर पडायला ठराविक वेळ घेते. तोवर त्याचा अंश दुधात उतरत राहतो. शेवटच्या मात्रेपासून दूध विकण्याजोगे होईपर्यंतच्या या काळाला दूध वर्ज्य काळ म्हणतात. औषधाच्या वेष्टनावर तो ‘विथड्रॉवल पिरियड’ या नावाने दिवसांत किंवा तासांत छापलेला असतो. मांसासाठीचा काळ वेगळा आणि बहुधा जास्त असतो, तो दुधाचा म्हणून वाचू नये. भारतात औषध नियमांत २०१२ साली केलेल्या दुरुस्तीनुसार हा काळ वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. एखाद्या औषधाचा काळ चाचणीने ठरवलेला नसेल, तर दुधासाठी तो किमान ७ दिवस धरायचा. त्यामुळे वेष्टनावर काहीच आढळले नाही तर ‘बंधन नाही’ असा अर्थ काढू नये.

या गायीला ९ जूनच्या संध्याकाळी कासदाह झाल्याचे दिसले. मागचे उजवे सड सुजले होते, धारेत गुठळ्या होत्या. गोठ्यात धारा सकाळ-संध्याकाळ साडेपाचला काढतात आणि औषध सहाला दिले. कार्डावर तीन औषधे आहेत. सडात सोडायच्या ट्यूब बारा-बारा तासांनी तीन, त्यांतली शेवटची १० जूनला संध्याकाळी सहाला. प्रतिजैविकाचे इंजेक्शन रोज संध्याकाळी, असे तीन दिवस, शेवटचे ११ जूनला. सूज आणि वेदनेसाठी एकच इंजेक्शन, ९ जूनला. वेष्टनांवरचा दूध वर्ज्य काळ ट्यूबसाठी ७२ तास, प्रतिजैविकासाठी ९६ तास आणि वेदनाशामकासाठी १२० तास आहे असे धरू.

मोजणी शेवटच्या मात्रेपासून करायची. ट्यूबचे ७२ तास १३ जूनच्या संध्याकाळी सहाला संपतात. वेदनाशामकाचे १२० तास १४ जूनच्या संध्याकाळी सहाला. प्रतिजैविकाचे ९६ तास मात्र १५ जूनच्या संध्याकाळी सहाला. सर्वांत मोठा आकडा वेदनाशामकापुढे आहे, तरीही सर्वांत उशिरा संपणारी मुदत प्रतिजैविकाची आहे, कारण त्याची शेवटची मात्रा दोन दिवसांनी पडली. म्हणून नुसता मोठा आकडा उचलणे धोक्याचे. प्रत्येक औषधाची मुदत संपण्याची वेळ वेगळी काढायची आणि त्यांतली सर्वांत उशिराची पाळायची. पहिल्या मात्रेपासून ९६ तास मोजणारा १३ जूनलाच दूध घालू लागेल, म्हणजे पूर्ण दोन दिवस आधी.

शिवाय १५ जूनची संध्याकाळची धार साडेपाचला निघते. तेव्हा मुदतीला अर्धा तास बाकी असतो. ती धारही बाजूला ठेवायची, किंवा त्या दिवशी धारा सहानंतर काढायच्या. साडेपाचचीच वेळ पाळली, तर १० जूनच्या सकाळपासून १५ जूनच्या संध्याकाळपर्यंत बारा धारांचे दूध जाते. आजारपणात धारेला पाच लिटर धरले, तर ६० लिटर. हे नुकसान खरे आहे आणि लहान शेतकऱ्याला ते टोचते. म्हणूनच उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना ‘दूध किती दिवस बंद?’ असे विचारणे रास्त आहे. गुण येणारी दोन औषधे असतील, तर कमी मुदतीचे निवडण्याची वेळ तीच असते.

सूज एकाच सडाला होती, मग बाकी तिघांचे दूध घालायला काय हरकत, असे वाटणे साहजिक आहे. पण सडात सोडलेले औषध रक्तात शोषले जाऊन इतर सडांतही उतरते, आणि इंजेक्शन तर सगळ्या शरीरातच फिरते. दूध चारही सडांचे बाजूला ठेवायचे. त्या गायीची धार शेवटी काढावी, बादली वेगळी ठेवावी आणि पायाला रंगीत पट्टी बांधावी, म्हणजे घरातले दुसरे कोणी धार काढायला बसले तरी चूक होत नाही.

दूध उकळले की औषध मरते, हा समज चुकीचा आहे. पेनिसिलिन नेहमीच्या उकळण्याने पुरते नष्ट होत नाही. मोठ्या कॅनमध्ये मिसळल्यानेही प्रश्न सुटत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात दुधातील पेनिसिलिनची कमाल मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने अवघे ३ मिलिग्रॅम पेनिसिलिन ७५० किलो दूध मर्यादेपर्यंत आणून ठेवते. विरजण न लागणे ही एक खूण असते, कारण दह्याचे जंतू प्रतिजैविकाने मरतात. पण दही नीट लागले म्हणजे दूध निर्धोक, असे उलट म्हणता येत नाही. बाजूला ठेवलेले दूध वासरालाही पाजू नये, त्याच्या पोटातले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

वेष्टनावरचा आकडा केवळ वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेला, मार्गाला आणि जनावराला लागू असतो. मात्रा वाढवली, दिवस वाढवले किंवा गायीसाठी ठरलेले औषध शेळीला दिले, तर तो आकडा उपयोगाचा राहत नाही आणि नवी मुदत डॉक्टरांकडून लिहून घ्यावी लागते. आटवताना सडात सोडलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या ट्यूबचेही तसेच. तिचा हिशेब गाय ठरल्या वेळी विईल असे धरून केलेला असतो. गाय दोन-तीन आठवडे आधी व्यायली, तर चीक संपल्यावरही औषध दुधात उतरत असू शकते. म्हणून आटवल्याची तारीख आणि ट्यूबचे नाव त्याच कार्डावर लिहावे, आणि गाय विताच त्या तारखेपासून किती दिवस झाले ते मोजावे.